स्मृती झाकोळणाऱ्या गोळ्या

वृद्ध माणूस विसरू लागला, असंबद्ध बोलू लागला, की घरातील मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि मनाशी म्हणतात, ‘वय झाले आता.’ पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा हा दोष वयाचा नसून औषधांच्या डब्यातील दोन-तीन साध्या गोळ्यांचा असतो. सर्दीची, झोपेची, लघवीच्या घाईची अशा या गोळ्या वेगवेगळ्या तक्रारींसाठी, वेगवेगळ्या वेळी दिलेल्या असतात. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही. मेंदूवर मात्र त्यांचा परिणाम एकाच दिशेने होत असतो आणि त्याची बेरीज होत जाते.

ही बेरीज कशी होते, हे एका उदाहरणावरून पाहू. हे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अनेक घरांत थोड्याफार फरकाने जे घडते, त्यातून ते जुळवले आहे.

रात्री दोन वाजता शाळेचा डबा

पुण्यातील ७४ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी वर्तमानपत्रातील शब्दकोडे पुरे केल्याशिवाय त्या चहाचा दुसरा कप घेत नसत. गेल्या चार महिन्यांत कोडे अर्धवट राहू लागले. दूधवाल्याचा हिशेब दोनदा चुकला. तोच प्रश्न तासाभरात त्या पुन्हा विचारू लागल्या. घरच्यांनी ते वयावर टाकले. मग त्यांना सर्दी झाली. मुलाने कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली आणि दिवसातून तीन वेळा घ्यायला सांगितले.

तिसऱ्या रात्री दोन वाजता सुनेला स्वयंपाकघरात उजेड दिसला. गॅस पेटवलेला होता आणि सासूबाई रिकामी कढई ठेवून उभ्या होत्या. “आई, इतक्या रात्री काय करताय?” असे विचारताच त्या म्हणाल्या, “शाळेला उशीर होतोय गं, डबा व्हायचाय.” सुनेला त्यांनी आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. अंथरुणावर नेऊन निजवल्यावर त्या चादरीवरून न दिसणारे काहीतरी वेचत राहिल्या. भिंतीवर मुंग्यांची रांग चालली आहे, असेही सांगू लागल्या. सकाळी मुलगा डॉक्टरांकडे गेला तो एकच विनंती घेऊन : “आईला रात्री शांत झोप लागेल असे काहीतरी द्या.”

ही विनंती डॉक्टरांनी मान्य केली असती, तर डब्यात आणखी एका गोळीची भर पडली असती आणि बहुधा आजींची अवस्था अधिकच बिघडली असती. डॉक्टर घरी आले आणि त्यांनी आधी एक काम सांगितले : “घरात आई ज्या ज्या गोळ्या घेतात, त्या सगळ्या या टेबलावर आणून ठेवा. दुकानातून आणलेल्याही.”

धोतऱ्याचे विष आणि औषधाचा गुण

टेबलावर काय निघाले, ते पाहण्यापूर्वी मेंदूतील एका रसायनाची ओळख करून घ्यावी लागेल. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनांच्या द्वारे. ॲसिटिलकोलीन हा त्यांपैकी एक महत्त्वाचा निरोप्या. मेंदूत लक्ष एकाग्र करणे आणि नवी गोष्ट स्मरणात रुजवणे ही कामे मोठ्या प्रमाणात त्याच्यावर अवलंबून असतात. शरीरात इतरत्र हेच रसायन तोंडात लाळ आणते, आतड्यांना चालना देते, मूत्राशय आकुंचित करून लघवी बाहेर पडू देते, डोळ्याची बाहुली लहान करते आणि हृदयाचा वेग आवरून धरते.

या निरोप्याची वाट अडवणाऱ्या औषधांना अँटिकोलिनर्जिक औषधे म्हणतात. त्यांचा सर्वांत जुना परिचय आपल्याला वनस्पतींतून आहे. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही अशीच द्रव्ये असतात. धोतऱ्याचे बी पोटात गेलेल्या माणसाची लक्षणे आठवा : तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, तापलेली कोरडी त्वचा, धडधडणारे हृदय, तुंबलेली लघवी आणि त्याबरोबर बरळणे, नसलेल्या वस्तू दिसणे. ही लक्षणे वेगवेगळी वाटली, तरी ती एकाच निरोप्याची वाट अडल्याने उद्भवतात.

मात्रा आटोक्यात ठेवली, तर हाच विषारी गुण औषधी ठरतो. मूत्राशय शिथिल झाला की लघवीची घाई कमी होते. आतडे सैलावले की पोटातील कळ थांबते. काही औषधांत मात्र हा गुण मुळीच हवा असलेला नसतो. सर्दीची जुन्या पिढीतील गोळी घेतली जाते ती हिस्टामिन या दुसऱ्याच रसायनाला रोखण्यासाठी. ॲसिटिलकोलीनची वाट ती जाता जाता अडवते.

स्मृतीशी असलेला हा संबंध १९७४ मध्ये अमेरिकेत ड्रॅकमन आणि लेव्हिट या संशोधकांनी एका प्रयोगात दाखवला. निरोगी तरुण स्वयंसेवकांना त्यांनी स्कोपोलामिन दिले. लगेच ऐकलेले आकडे ते परत सांगू शकत होते. पण नवी माहिती मनात साठवणे त्यांना जमेना. त्यांच्या चुकांचा नमुना औषध न घेतलेल्या वृद्धांच्या चुकांशी मिळताजुळता होता. तरुणाचा मेंदू औषध उतरताच सावरतो. वृद्धाची गोष्ट निराळी असते. त्याच्याकडे ॲसिटिलकोलीनची शिल्लकच कमी असते. यकृत आणि मूत्रपिंड औषध बाहेर टाकायला अधिक वेळ घेतात. मेंदूभोवतीची संरक्षक चाळणीही काहीशी सैल झालेली असते. म्हणूनच तीच गोळी नातवाला नुसती गुंगी आणते आणि आजीला भ्रमात टाकते.

टेबलावरचा हिशेब

आजींच्या टेबलावर पाच प्रकारच्या गोळ्या निघाल्या. डॉक्टरांनी त्या सुरू झाल्या त्या क्रमाने मांडल्या, आणि त्या क्रमातच सारी कथा उघड झाली.

दोन वर्षांपूर्वी पाठदुखी आणि अपुरी झोप यांसाठी ॲमिट्रिप्टिलीन ही २५ मिलिग्रॅमची गोळी रात्री सुरू झाली होती. मुळात ती नैराश्यावरची. लहान मात्रेत वेदनेसाठी दिली जाते. ती ॲसिटिलकोलीनची वाट बऱ्यापैकी अडवते. तरी दोन वर्षे फारसे बिघडले नाही.

वर्षापूर्वी रक्तदाब वाढला म्हणून ॲम्लोडिपिनची मात्रा ५ वरून १० मिलिग्रॅमवर नेली गेली. या औषधाने, विशेषतः मोठ्या मात्रेत, घोट्यांवर सूज येऊ शकते. ती आली. सूज म्हणजे अंगात पाणी साचले असे समजून लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी सुरू झाली. वास्तविक ॲम्लोडिपिनची सूज बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याने पाझरणाऱ्या द्रवाची असते. लघवी वाढवून ती फारशी हटत नाही. सूज राहिली ती राहिली, वर लघवीची घाई मात्र सुरू झाली. त्या घाईवर उपाय म्हणून चार महिन्यांपूर्वी ऑक्सिब्युटिनिन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आले. शब्दकोडे अर्धवट राहू लागले ते नेमके याच सुमारास.

एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा रोग समजून दुसरे औषध द्यायचे, त्याच्या दुष्परिणामासाठी तिसरे, अशी ही साखळी. वैद्यकशास्त्रात तिची ओळख रोशॉन आणि गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात करून दिली. प्रत्येक कडी जोडणाऱ्या डॉक्टरांचे तेवढ्यापुरते चुकलेले नसते. संपूर्ण साखळी मात्र कुणाच्याच नजरेसमोर नसते.

शेवटची कडी होती सर्दीची गोळी. तिच्या पट्टीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांत पॅरासिटामॉलच्या शेजारी क्लोरफेनिरामीन होते. या औषधाला अंगातून बाहेर पडायला बराच वेळ लागतो, वृद्धांत त्याहून अधिक. दिवसातून तीन गोळ्या घेतल्या की आदल्या दिवसाचे औषध पुरते उतरण्याआधी नव्याची भर पडत जाते. तिसऱ्या रात्री भरलेला पेला ओसंडला.

ही बेरीज आकड्यांत मांडण्यासाठी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाशी संबंधित डॉक्टरांनी २००८ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत औषधांना परिणामाच्या संभवानुसार १ ते ३ गुण दिले जातात आणि एकूण ३ किंवा अधिक गुण झाले, की सावध व्हावे, असे मानले जाते. आजींच्या ॲमिट्रिप्टिलीन, ऑक्सिब्युटिनिन आणि क्लोरफेनिरामीन या तिन्हींना प्रत्येकी ३ गुण आहेत. बेरीज ९. अर्थात, ही मोजपट्टी ढोबळ आहे. ती मात्रा पाहत नाही आणि निरनिराळ्या मोजपट्ट्यांचे गुणही जुळत नाहीत. इशारा म्हणून तिचा उपयोग, निदान म्हणून नव्हे.

भ्रम आणि स्मृतिभ्रंश यांतील फरक

डॉक्टरांनी आजींना तपासले तेव्हा जीभ कोरडी पडून टाळूला चिकटत होती. त्वचा उष्ण आणि कोरडी, नाडी मिनिटाला १०८, बाहुल्या मोठ्या. चार दिवस शौचाला झाले नव्हते. बेंबीखाली पोट फुगलेले होते आणि अंथरूण मात्र ओले. याला चकू नये. मूत्राशय काठोकाठ भरला की लघवी थेंबथेंब आपोआप गळते. ती ‘आवरत नाही’ म्हणून आणखी तशीच गोळी दिली, तर लघवी पुरती अडते.

मग त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगितले. आजी “रविवार, शनिवार, शुक्रवार...” इथवर आल्या आणि खिडकीकडे पाहू लागल्या. पुन्हा सुरुवात करून दिली, तरी तिथेच धागा तुटला. हा फरक कुटुंबीयांनीही ओळखण्याजोगा आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो, आणि सुरुवातीच्या काळात तरी माणूस समोरच्याकडे लक्ष देऊ शकतो. त्याला आठवत नाही इतकेच. संभ्रमावस्था, जिला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, ती तासा-दिवसांत येते, दिवसभरात कमी-अधिक होते, रात्री बळावते आणि तिच्यात लक्षच टिकत नाही. काही वृद्ध आरडाओरडा न करता नुसते पेंगुळलेले, गप्प पडून राहतात. तोही संभ्रमच, आणि तो अधिक सहज नजरेतून सुटतो.

अशी अवस्था अचानक आली, तर ती तातडीची बाब समजून डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. औषधे हे तिचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. म्हणून आजींच्या रक्तातील साखर व सोडियम, लघवीतील जंतुसंसर्ग, छाती हे सारे तपासले गेले. डोक्याला मार लागला होता का आणि हात-पाय-चेहरा यांची ताकद दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हेही पाहिले गेले.

काय थांबवले, काय ठेवले

रुग्णालयात नळी घालून मूत्राशय रिकामा केला गेला. सर्दीची गोळी आणि ऑक्सिब्युटिनिन त्याच दिवशी बंद झाले. सर्दीसाठी मिठाच्या पाण्याचे नाकातील थेंब आणि गरजेपुरते पॅरासिटामॉल पुरले. ॲमिट्रिप्टिलीन एकदम तोडले नाही. दोन वर्षे अडवून धरलेली वाट अचानक मोकळी केली, तर मळमळ, घाम, अस्वस्थता, निद्रानाश असा उलटा त्रास होऊ शकतो. म्हणून मात्रा आधी १० मिलिग्रॅमवर आणून, दोन आठवड्यांनी ती बंद केली. ॲम्लोडिपिन कमी करून रक्तदाबासाठी दुसऱ्या गटातील औषध जोडले. सूज उतरली, तेव्हा फ्युरोसेमाइडचे कारणच उरले नाही; आणि ते थांबताच लघवीची घाईही निम्म्याहून कमी झाली.

झोपेची नवी गोळी दिली नाही. त्याऐवजी चश्मा आणि श्रवणयंत्र पुन्हा जागेवर आले, दिवसा खिडकी उघडी राहिली आणि रात्री ओळखीचे माणूस उशाशी बसले. पाचव्या दिवशी आजींनी वार आणि तारीख बिनचूक सांगितली. सहा आठवड्यांनी शब्दकोडे पुरे होऊ लागले.

कथा इथे संपवली, तर ती अपुरी राहील. तीन महिन्यांनी झालेल्या स्मृतिचाचणीत आजींना नावे आठवायला थोडा वेळ लागतो, असे दिसले. संभ्रम ओसरला म्हणजे स्मृतिभ्रंश नाही असे सिद्ध होत नाही. उलट ज्या मेंदूची शिल्लक आधीच कमी आहे, तोच औषधांच्या भाराखाली आधी वाकतो. म्हणून वर्षभराने चाचणी पुन्हा करण्याचे ठरले. अशी चाचणी औषधांचा भार उतरल्यानंतरच करावी, नाहीतर तिचा निकाल गोळ्यांचाच असतो.

स्मृतिभ्रंशाचे निदान आधीच झाले असेल, तर एका विसंगतीकडे लक्ष ठेवावे. त्यावर दिले जाणारे डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन टिकवून धरते. त्यामुळे कधी लघवीची घाई वाढते आणि मग ऑक्सिब्युटिनिन दिले जाते, जे त्याच ॲसिटिलकोलीनची वाट अडवते. एका हाताने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने तोटीत बोळा कोंबायचा, असा हा प्रकार.

कायमचे नुकसान होते का?

गोळ्यांनी आलेला तात्पुरता संभ्रम निर्विवाद आहे. त्या वर्षानुवर्षे घेतल्याने स्मृतिभ्रंश जडतो का, हा वेगळा प्रश्न आणि त्याचे उत्तर तितके ठाम नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिएटलमधील अभ्यासात ६५ वर्षांवरील ३,४३४ जणांवर सरासरी सात वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांनी दहा वर्षांच्या काळात अशा औषधांचा साधारण तीन वर्षे रोज घेण्याइतका साठा वापरला होता, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका, ती न घेणाऱ्यांच्या मानाने, सुमारे दीडपट आढळला. २०१८ मधील ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात नैराश्य, मूत्राशय आणि पार्किन्सन यांवरील अशा औषधांशी संबंध दिसला. ॲलर्जीच्या आणि पोटदुखीच्या औषधांशी दिसला नाही.

संबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे मात्र नव्हे. निद्रानाश, नैराश्य, लघवीची घाई या कधीकधी स्मृतिभ्रंशाच्याच, निदानाच्या कितीतरी आधी उमटलेल्या खुणा असतात. मग औषधामुळे रोग आला की येऊ घातलेल्या रोगामुळे औषध आले, हे सांगणे अवघड होते. तेव्हा पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. आज चालू असलेल्या गोळ्या तपासण्याचे मात्र निश्चित आहे.

पट्टीमागची नावे

व्यापारी नावे शेकडो असतात, म्हणून मूळ नावेच ओळखावीत. सर्दी, खोकला, खाज यांवरील औषधांत क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. पोटातील कळांवर डायसायक्लोमिन. मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन. वेदना, झोप आणि नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन. हात-पाय कापण्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल. अमेरिकेतील वृद्धवैद्यक संस्थेच्या ‘बिअर्स’ यादीच्या २०२३ च्या आवृत्तीत जुन्या पिढीतील ॲलर्जीविरोधी औषधे ज्येष्ठांनी टाळावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधे मेंदूत फारच कमी शिरतात. लघवीच्या घाईसाठी मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने काम करते, परंतु त्याने रक्तदाब वाढू शकतो. निर्धोक पर्याय तोही नव्हे.

यांपैकी कोणतीही गोळी घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. मानसिक आजार किंवा पार्किन्सनसाठी दिलेल्या गोळ्यांना तर विचारल्याशिवाय हातच लावू नये. घरच्यांनी करायचे काम वेगळे आणि सोपे आहे. सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्यांसह, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. प्रत्येक गोळी कधी आणि कशासाठी सुरू झाली, ते शेजारी लिहावे, आणि त्याच कागदावर विसरभोळेपणा केव्हा सुरू झाला, तेही नोंदवावे. आजींच्या बाबतीत या दोन तारखा शेजारीशेजारी आल्या, तेव्हाच कारण हाती लागले.